काळ्यापासून मोजायचे रंग : साबणाचा पापुद्रा आणि पाण्यावरचा तवंग

साबणाच्या पाण्यात रंग नसतो, इंजिनाचे तेल असलेच तर पिवळसर असते आणि पाणी तर रंगहीनच. तरीही साबणाचा फुगा हवेत गेला की त्याच्यावर आणि पावसाळ्यात डबक्यातल्या पाण्यावर तेलाचा थेंब पसरला की त्या तवंगावर राणी, मोरपंखी, सोनेरी असे रंग उमटतात, सरकतात आणि विरतात. हे रंग कोणत्याही रंगद्रव्याचे नसून जाडीचे असतात, हे रॉबर्ट हूकच्या १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथातील अभ्रकाच्या पापुद्र्यांच्या आणि साबणाच्या फुग्यांच्या निरीक्षणांपासून अभ्यासकांच्या लक्षात येऊ लागले, आणि न्यूटनने १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये कोणता रंग किती जाडीला दिसतो याचे कोष्टकच दिले. रंगावरून जाडी वाचता येते ही गोष्ट त्यामुळे तीनशे वर्षे जुनी आहे; मात्र ती वाचताना एकच रंग अनेक जाड्यांना दिसतो ही अडचण, आणि साबण व तेल यांच्यातला एक महत्त्वाचा भेद, या दोन्हींकडे लोकप्रिय लेखनात बहुधा दुर्लक्ष होते.

प्रकाश पापुद्र्यावर पडला की त्याचा थोडा भाग वरच्या पृष्ठभागावरून परततो आणि थोडा आत शिरून खालच्या पृष्ठभागावरून परततो. हे दोन परतलेले किरण पुन्हा एकत्र येतात तेव्हा दुसरा किरण पहिल्यापेक्षा पापुद्र्याच्या जाडीइतके अंतर दोनदा, म्हणजे जाताना आणि येताना, जास्त चाललेला असतो. पाण्यात प्रकाशाच्या लाटा हवेपेक्षा आखूड होतात, म्हणून हे जादा अंतर पाण्याच्या अपवर्तनांकाने, म्हणजे साधारण १.३३ ने, गुणावे लागते; या गुणाकाराला मार्गफरक म्हणतात. दोन्ही किरणांच्या लाटांचे उंचवटे जुळले तर प्रकाश वाढतो आणि एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर आला तर दोघे एकमेकांना पुसून टाकतात. लाटांच्या या बेरीज-वजाबाकीला व्यतिकरण असे नाव आहे. पुसला गेलेला प्रकाश नष्ट होत नाही. तो परत न येता पापुद्र्यातून पलीकडे जातो, आणि त्यामुळेच आरपार पाहणाऱ्याला त्याच जागी पूरक, पण फारच फिकट रंग दिसतो.

येथे एक बारकावा ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच जुळत नाही. विरळ माध्यमातून घन माध्यमाकडे जाणारा प्रकाश सीमेवरून परततो तेव्हा त्याची लाट उलटी होते, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतकी सरकते. घनातून विरळाकडे जाताना झालेल्या परावर्तनात असे होत नाही. साबणाच्या पापुद्र्याच्या पुढच्या पृष्ठभागावर लाट उलटते, मागच्या पृष्ठभागावर उलटत नाही. परिणामी पापुद्रा अतिशय पातळ झाला, मार्गफरक जवळजवळ शून्यावर आला, तर दोन्ही किरण जुळण्याऐवजी बरोबर एकमेकांविरुद्ध ठाकतात आणि सर्वच रंग एकदम पुसले जातात. साबणाचा सर्वांत पातळ पापुद्रा काळा दिसतो तो यामुळे. थॉमस यंगने १८०१ मध्ये लाटांच्या आधारे ही सर्व मांडणी केली आणि न्यूटनच्याच मोजमापांवरून निरनिराळ्या रंगांच्या तरंगलांब्या काढून दाखवल्या. अर्ध्या लाटेचा हा हिशेब खरा आहे की नाही याची त्याने केलेली पारखही मोठी चोख होती. एका जातीच्या काचेचे भिंग दुसऱ्या, अधिक घन काचेवर ठेवून त्यांच्यामधल्या फटीत त्याने सॅसाफ्रास वनस्पतीचे तेल भरले. या तेलाचा अपवर्तनांक दोन काचांच्या अपवर्तनांकांच्या मधला असल्यामुळे लाट दोन्ही पृष्ठभागांवर उलटते आणि भेद मिटतो. हवा असताना मध्यभागी दिसणारा काळा ठिपका तेल भरल्यावर पांढरा झाला.

आता रंगांकडे वळता येते. फुग्यावरचे रंग इंद्रधनुष्यातले असतात असे सर्रास म्हटले जाते, पण ते बरोबर नाही. इंद्रधनुष्यात प्रत्येक रंग सुटा वेगळा होतो, तर पापुद्र्यावर पांढऱ्या प्रकाशातून एखादा रंग वजा होतो आणि उरलेल्या सगळ्यांचे मिश्रण डोळ्यांत येते. पापुद्र्याची जाडी २०७ नॅनोमीटर असली (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), तर मार्गफरक ५५० नॅनोमीटर होतो, आणि ही नेमकी हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी असल्यामुळे हिरवा पुसला जातो. उरलेला लाल आणि निळा मिळून जांभळट राणी रंग तयार होतो, जो इंद्रधनुष्यात कोठेच नसतो. पापुद्र्यावरचा रंग म्हणजे गैरहजर असलेल्या रंगाची खूण आहे, असे मानून वाचन केले तर गोंधळ होत नाही.

पापुद्रा काळ्यापासून हळूहळू जाड होत गेला तर रंग ठरावीक क्रमाने येतात. सुमारे तीस नॅनोमीटरपर्यंत तो काळाच असतो. पुढे पारवा करडा रंग येतो आणि शंभर नॅनोमीटरच्या आसपास लख्ख रुपेरी पांढरा. येथे मार्गफरक दृश्य प्रकाशाच्या साधारण अर्ध्या लाटेइतका असतो, म्हणून सगळेच रंग थोडेफार जुळतात आणि कोणताच पूर्ण वजा होत नाही. एकशे पंधरा ते एकशे साठच्या दरम्यान आधी निळे-जांभळे घटक पुसले जाऊन फिकट पिवळा आणि नंतर गडद सोनेरी-तपकिरी रंग येतो, एकशे नव्वदला नारिंगी-लाल, आणि दोनशे सातच्या सुमारास वर सांगितलेला राणी. येथे पहिली श्रेणी संपते. या सीमेवर रंग फार झपाट्याने बदलतो, अवघ्या पंधरा नॅनोमीटरच्या फरकाने तो नारिंगी-लालकडून राणीकडे किंवा राणीकडून गर्द निळ्या-जांभळ्याकडे झुकतो, म्हणून मोजमापाच्या दृष्टीने हीच संपूर्ण क्रमातली सर्वांत संवेदनशील जागा आहे. दुसऱ्या श्रेणीत अडीचशेला निळा, दोनशे ऐंशीच्या आसपास हिरवा, तीनशे चाळीसला पिवळा, तीनशे ऐंशी ते चारशेला किरमिजी लाल असे रंग येतात आणि हेच सर्वांत भडक असतात. तिसऱ्या श्रेणीत पाचशेच्या पुढे पुन्हा हिरवा, मग अबोलीसारखा गुलाबी. त्यानंतर फिकट हिरवा आणि फिकट गुलाबी एवढेच आलटून पालटून येत राहतात, आणि शेवटी रंग विरघळून जातो.

तो का विरघळतो याचे उत्तरही याच हिशेबात आहे. एक मायक्रोमीटर, म्हणजे हजार नॅनोमीटर, जाडीच्या पापुद्र्यात मार्गफरक २,६६० नॅनोमीटर होतो. ही संख्या साडेचार, साडेपाच आणि साडेसहा लाटांत बरोबर बसेल अशा तरंगलांब्या अनुक्रमे ५९१, ४८४ आणि ४०९ नॅनोमीटर येतात, म्हणजे पिवळा-नारिंगी, निळसर आणि जांभळा असे तीन रंग एकाच वेळी वाढतात आणि त्यांच्यामधले एकाच वेळी पुसले जातात. दहा मायक्रोमीटरला असे उजळ-काळे पट्टे दृश्य प्रकाशात डझनाच्या घरात जातात आणि डोळ्याला त्या सगळ्यांची गोळाबेरीज पांढरी दिसते. खिडकीच्या काचेवर रंग दिसत नाहीत ते याच कारणाने. एकाच तरंगलांबीच्या प्रकाशात मात्र ही मर्यादा बरीच पुढे जाते. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली पापुद्र्यावर रंग नसतात, फक्त पिवळे आणि काळे पट्टे असतात, आणि एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्या पट्ट्यापर्यंत जाडी प्रत्येक वेळी सुमारे २२१ नॅनोमीटरने वाढलेली असते, त्यामुळे नुसते पट्टे मोजून काम भागते.

पांढऱ्या उजेडात मात्र मूळ अडचण उभी राहते ती अशी की हिरवा दिसला एवढ्यावरून जाडी २८० आहे की ५१७, हे सांगता येत नाही. त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे क्रमाची सुरुवात शोधणे. काळा किंवा रुपेरी भाग क्रमात एकदाच येतो. तो नजरेत असला तर तेथून राणी किंवा किरमिजी पट्टा किती वेळा ओलांडला हे मोजून श्रेणी ठरते. सुरुवात दिसत नसेल तर रंगाच्या पोतावरून अंदाज करावा लागतो: शुद्ध निळा आणि चमकदार पिवळा हे दुसऱ्या श्रेणीचे लक्षण, तर केवळ हिरवा-गुलाबी जोड दिसत असेल तर पापुद्रा निदान अर्ध्या मायक्रोमीटरचा आहे, असे धरायला हरकत नाही.

बांगडीवर धरलेला सपाट पापुद्रा हे या वाचनाचे सर्वांत सोयीचे उदाहरण आहे. बांगडी साबणाच्या पाण्यात बुडवून उभी धरली, मागे काळे कापड ठेवले आणि समोरून ढगाळ आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा पसरट उजेड घेतला, तर सुरुवातीला काही क्षण पापुद्रा रंगहीन असतो, कारण तो कित्येक मायक्रोमीटर जाड असतो. मग पाणी खाली निथळू लागते, वरच्या बाजूला फिकट हिरवे-गुलाबी आडवे पट्टे उमटून खाली सरकू लागतात आणि त्यांच्या मागोमाग दुसऱ्या श्रेणीचे भडक रंग येतात. प्रत्येक पट्टा म्हणजे एकाच जाडीच्या बिंदूंना जोडणारी रेषा, भूगोलाच्या नकाशातल्या समोच्चदर्शक रेषेसारखी. पट्टे दाट असतील तेथे जाडी झपाट्याने वाढते, विरळ असतील तेथे संथपणे. समजा एखाद्या क्षणी वरच्या कडेला रुपेरी, त्याखाली एक सेंटिमीटरवर पहिला राणी पट्टा आणि आणखी एक सेंटिमीटरवर दुसरा किरमिजी पट्टा आहे, तर जाडी शंभरवरून दोनशे सात आणि तेथून साधारण चारशे झाली. म्हणजे दुसऱ्या सेंटिमीटरात ती पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट वाढली. पापुद्र्याचा तो उभा छेद वरच्या बाजूला चपटा आणि खाली फुगीर आहे, हे मोजपट्टीशिवाय कळले.

पट्टे निव्वळ आडवे राहत नाहीत, हेही तेथेच दिसते. बांगडीच्या कडेला जेथे पापुद्रा वक्र होऊन चिकटतो तेथील दाब कमी असल्यामुळे कडेजवळचे पाणी ओढले जाते आणि पातळ ठिगळे तयार होतात. ही ठिगळे शेजारच्या जाड भागापेक्षा हलकी असल्याने पापुद्र्यातच वर तरंगत जातात, आणि रंगांचे जे भोवरे नि पिसारे दिसतात ते बहुतांशी या उलाढालीचे असतात. हवेची झुळूक आणि बाष्पीभवन यांची त्यात भर पडते. न्यूटनने फुग्यावर पारदर्शक काचेचे झाकण ठेवून रंग पाहिले ते हवेचा हा उपद्रव टाळण्यासाठी.

अखेरीस रुपेरी पट्ट्याच्या वर काळा डाग उगवतो. पापुद्र्याला भोक पडल्याचा हा आभास असतो, पण तेथे पाण्याचा थर शिल्लक असतो. त्याची कड धूसर नसून सुरीने कापल्यासारखी रेखीव असते, कारण जाडी येथे हळूहळू न उतरता एकदम कोसळते. साबणाच्या रेणूंचे पाण्याकडे वळलेले टोक विद्युतभारित असते, आणि समोरासमोरच्या दोन पृष्ठभागांवरचे हे भार एकमेकांना रेटत असल्यामुळे पापुद्रा दहा-वीस किंवा तीस नॅनोमीटरवर तग धरून राहू शकतो. पाण्यात मीठ जास्त असले तर हा रेटा क्षीण होतो आणि पापुद्रा आणखी एक पायरी उतरून सुमारे पाच नॅनोमीटरवर येतो, जेथे साबणाच्या रेणूंचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पुसटसा अंश एवढेच उरते. हे दोन्ही काळे डोळ्याला जवळजवळ सारखेच दिसतात; रंगावरून जाडी सांगण्याची पद्धत येथे संपते आणि परावर्तनाची तीव्रता उपकरणाने मोजावी लागते.

हवेत तरंगणारा फुगा यामानाने मोजमापाला गैरसोयीचा आहे, कारण त्यात जाडीबरोबर कोनही बदलत असतो. प्रकाश तिरपा गेला की पापुद्र्यातली वाट लांबते, म्हणून मार्गफरक वाढत असणार अशी सहज समजूत होते, पण प्रत्यक्षात दोन किरणांमधला फरक कमी होतो. दुसरा किरण बाहेर पडेपर्यंत पहिलाही बाजूला बरेच अंतर चालून गेलेला असतो. समोरून हिरवा दिसणारा २८० नॅनोमीटरचा भाग साठ अंशांच्या तिरप्या नजरेने पाहिला तर मार्गफरक ७५० ऐवजी ५७० च्या आसपास येतो आणि तोच भाग निळसर जांभळा दिसतो. म्हणजे तिरप्या नजरेला पापुद्रा खऱ्यापेक्षा पातळ भासतो. फुग्याच्या मधल्या भागाकडे नजर सरळ पडते आणि कडेकडे तिरपी, त्यामुळे जाडी सगळीकडे एकच असती तरी फुग्यावर रंगांची वलये दिसलीच असती.

तेलाच्या तवंगाला हाच हिशेब लागू पडतो, पण त्याचे दोन आकडे बदलतात आणि चित्र पालटते. तेलाचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, म्हणजे हवा आणि पाणी या दोहोंपेक्षा जास्त असल्यामुळे लाट येथेही वरच्याच पृष्ठभागावर उलटते आणि रंगांचा क्रम तोच राहतो; मात्र अपवर्तनांक मोठा असल्याने प्रत्येक रंग थोड्या कमी जाडीला येतो, पहिला राणी सुमारे १८७ नॅनोमीटरला आणि निळा सव्वादोनशेला. दुसरा बदल अधिक परिणामकारक आहे. साबणाच्या पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना हवा असल्यामुळे दोन्ही परावर्तने सारखीच बळकट असतात आणि एकमेकांना पूर्ण पुसू शकतात. परावर्तित प्रकाश शून्यापासून आठ टक्क्यांपर्यंत हेलकावतो. तेल आणि पाणी यांच्यातला फरक किरकोळ असल्याने खालचे परावर्तन दुबळे असते, म्हणून तवंगावर प्रकाश दोन ते सहा टक्क्यांच्या दरम्यानच खालीवर होतो, आणि यातले खालचे दोन टक्के म्हणजे उघड्या पाण्याचेच परावर्तन. तवंगाचे रंग फुग्याच्या रंगांपेक्षा फिकट असतात ते यामुळे. याहून महत्त्वाचे असे की साबणाचा सर्वांत पातळ भाग काळा होऊन नजरेत भरतो, तर तेलाचा सर्वांत पातळ भाग पाण्यासारखाच दिसतो, म्हणजे दिसतच नाही. क्रमाची सुरुवात ज्या खुणेवरून ओळखायची ती खूणच तवंगात हरवलेली असते आणि वाचन रुपेरी झाकेपासून सुरू करावे लागते.

बेंजामिन फ्रँकलिनने १७७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातील लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्याचा प्रयोग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. चमचाभर तेल टाकल्यावर सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले, हा भाग सर्वश्रुत आहे. पण तेल पसरताना आधी रंग दिसतात आणि त्यापलीकडे ते इतके पातळ होते की केवळ लाटा शमवण्यावरूनच त्याचे अस्तित्व कळते, हेही त्याने नोंदवले होते. चमचा पाच मिलिलिटरचा धरला आणि अर्धा एकर म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर, तर सरासरी जाडी अडीच नॅनोमीटर येते. ही जाडी रुपेरी झाकेच्याही कितीतरी खाली, जवळजवळ एका रेणूच्या लांबीइतकी आहे. फ्रँकलिनने हा भागाकार केला नाही, पण त्याला काय दिसले आणि काय दिसले नाही, ते आजच्या हिशेबाशी तंतोतंत जुळते.

समुद्रात सांडलेल्या तेलाचा विमानातून अंदाज घेण्यासाठी हीच कल्पना व्यवहारात वापरली जाते. उत्तर समुद्राभोवतीच्या देशांच्या बॉन कराराखाली तयार झालेल्या संकेतावलीत तवंगाचे पाच वर्ग आहेत: रुपेरी-करडी झाक म्हणजे ०.०४ ते ०.३ मायक्रोमीटर, सप्तरंगी म्हणजे ०.३ ते ५, धातूसारखी चकाकी म्हणजे ५ ते ५०, तुटक स्वरूपात तेलाचा मूळ रंग म्हणजे ५० ते २००, आणि त्यापुढे सलग मूळ रंग. यातून प्रमाण काढणे सोपे आहे, कारण एक चौरस किलोमीटरवर एक लिटर तेल समान पसरले तर थराची जाडी बरोबर एक नॅनोमीटर होते. म्हणून चौरस किलोमीटरभर रुपेरी झाकेत चाळीस ते तीनशे लिटर आणि तेवढ्याच सप्तरंगी तवंगात तीनशे ते पाच हजार लिटर तेल असते. पाच मायक्रोमीटरला स्वच्छ रंग टिकणे शक्य नाही हे वरच्या विवेचनावरून उघड आहे, तेव्हा सप्तरंगी वर्गाची वरची मर्यादा हा काटेकोर मापाचा नव्हे, तर उंचावरून पाहणाऱ्याच्या सोयीचा आकडा समजणे इष्ट. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांच्या टकरीनंतर सांडले तसे जहाजाचे जड इंधनतेल असले, तर घातक साठा काळ्या, जाड पट्ट्यांत असतो आणि त्याला व्यतिकरणाचे रंग नसतातच. रंगीत भाग विस्ताराने मोठा आणि छायाचित्रात ठळक असतो, पण त्यात तेल थोडे असते. खाडीच्या पाण्यावर दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा सगळा तवंग पहिल्या राणी रंगाचा असला तरी त्यातले एकूण तेल सुमारे ९.४ मिलिलिटर, म्हणजे चहाचे जेमतेम दोन चमचे भरते.

पाण्यावरची प्रत्येक रंगीत साय तेलाची असतेच असे नाही. लोहयुक्त पाझराच्या साचलेल्या पाण्यावर, कोकणातल्या जांभ्याच्या खाचरांतही, लोहजीवाणूंमुळे तयार झालेला असाच पातळ, इंद्रधनुषी थर दिसू शकतो आणि त्याचे रंगही जाडीचेच असल्यामुळे नुसत्या पाहण्याने तो ओळखू येत नाही. काडीने ढवळून पाहिले तर मात्र भेद लगेच कळतो: तेलाचा तवंग काडीमागे ओढला जाऊन पुन्हा मिळून येतो, तर जीवाणूंचा थर ठिसूळ असल्यामुळे त्याचे कोनाकोनांचे तुकडे होतात आणि ते तसेच सुटे तरंगत राहतात.